मॉड, फुकटचं की पैशांचं? स्पॉटिफाय घेण्याआधी

गेल्या सुट्टीत भाचा घरी आला होता. त्याच्या फोनवर स्पॉटिफायचं मॉड होतं, म्हणजे कुणीतरी परस्पर फेरफार करून बनवलेलं ॲप, टेलिग्रामवरच्या एका चॅनलवरून घेतलेलं. "मामा, जाहिरात नाही, हवं ते गाणं लागतं, मग दर महिन्याला पैसे कशाला भरायचे?" असं त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायचं ठरवलं. ज्यांच्या मनात हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी तेच इथे मांडतो.

आधी मॉडकडून नेमकं काय मिळतं ते पाहू, कारण जाहिरातीत सांगतात तेवढं मिळत नाही. पैसे भरून मिळणाऱ्या प्रीमियमच्या काही सोयी फोनमधल्या ॲपच्या हातात असतात आणि काही कंपनीच्या सर्व्हरच्या हातात. जाहिरात दाखवायची की नाही, पुढचं गाणं ओलांडू द्यायचं की नाही, यातलं बरंचसं ॲप ठरवतं. त्यामुळे ॲपची मोडतोड करून ते बदलता येतं. पण गाणी डाउनलोड करून ऑफलाइन ऐकणं किंवा 320 केबीपीएसचा उच्च दर्जा मिळणं हे सर्व्हर तुमच्या खात्याकडे बघून ठरवतो, आणि खातं फुकटचं असेल तर देत नाही. मॉडमध्ये डाउनलोडचं बटण हिरवं दिसतं, दाबलं की काहीच होत नाही. भाच्याचीही तीच तक्रार होती. एसटीने गावी जाताना घाटात रेंज गेली की त्याची गाणी बंद पडायची.

फुकटच्या अधिकृत ॲपची बाजूही सांगायला हवी. ऑक्टोबर 2023 मध्ये स्पॉटिफायने भारतात फुकट ऐकणाऱ्यांवर बरीच बंधनं घातली. गाणी क्रमाने लावता येईनात, गाणं मागेपुढे सरकवता येईना. त्या काळात लोक वैतागून मॉडकडे वळले, हे मला समजतं. सप्टेंबर 2025 मध्ये मात्र कंपनीने फुकटच्या ॲपमध्येही हवं ते गाणं शोधून लावायची मुभा दिली, दिवसाला ठरावीक वेळेपुरती. म्हणजे मॉड आणि फुकटचं ॲप यांच्यातलं अंतर आता बरंच कमी झालंय. उरल्या त्या मुख्यतः जाहिराती.

आता त्या जाहिराती टाळण्याची किंमत बघू.

अँड्रॉइडवरचं प्रत्येक ॲप बनवणाऱ्याच्या डिजिटल शिक्क्यानिशी येतं. ॲप उघडून आतला एक अक्षराचा बदल केला तरी मूळ शिक्का तुटतो आणि बदल करणाऱ्याला स्वतःचा शिक्का मारावा लागतो. म्हणून मॉड टाकताना "आधी मूळ ॲप काढून टाका" असं सांगतात. शिक्का वेगळा असल्यामुळे फोन ते जुन्यावर चढवूच देत नाही. त्या क्षणी तुम्ही स्पॉटिफायचं ॲप काढून एका अनोळखी माणसाचं ॲप बसवत असता. पुढचे सगळे बदलही तोच माणूस पाठवणार.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "मी स्कॅन करून घेतलंय, परवानग्याही काही मागत नाही." इथेच नेक्रो नावाच्या घातक प्रोग्रॅमचं 2024 चं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 'स्पॉटिफाय प्लस' नावाच्या मॉडची 18.9.40.5 ही आवृत्ती तपासली. ज्या साइटवर ते मिळत होतं, तिथे ते प्रमाणित आणि सुरक्षित असल्याचं लिहिलेलं होतं. ॲप सुरू झालं की आतला जाहिरातींचा एक भाग जागा व्हायचा आणि फोनची माहिती एका सर्व्हरला कळवायचा. उत्तरादाखल एका साध्या पीएनजी चित्राचा पत्ता यायचा. त्या चित्राच्या पिक्सेलांमध्ये पुढचा प्रोग्रॅम लपवलेला होता, तो तिथून काढून फोनवर चालवला जायचा. म्हणजे तुम्ही टाकलेल्या फाइलमध्ये खरं विष नव्हतंच, ते नंतर यायचं. पहिल्या दिवशीचा स्कॅन ते कसं पकडणार?

हे नेक्रो न दिसणाऱ्या खिडक्यांमध्ये जाहिराती उघडून त्यांवर क्लिक करू शकायचं, नवीन प्रोग्रॅम उतरवून चालवू शकायचं, पैशांच्या सेवांची वर्गणी सुरू करू शकायचं आणि तुमच्या फोनमधून इतरांचा इंटरनेट व्यवहार वळवू शकायचं. या शेवटच्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. दुसऱ्या कुणाच्या उद्योगाचा माग निघाला तर तो तुमच्या कनेक्शनपर्यंत येतो.

प्ले स्टोअर म्हणजे गंगाजल, असं मी म्हणणार नाही. हेच नेक्रो तेव्हा प्ले स्टोअरवरच्या वुटा कॅमेरा आणि मॅक्स ब्राउझर या ॲप्समध्येही सापडलं होतं, आणि तिथली डाउनलोड्सच एक कोटी दहा लाखांच्या घरात होती. फरक पुढे पडला. कळवल्यावर एका ॲपमधून तो भाग काढला गेला आणि दुसरं स्टोअरवरून हटवलं गेलं. टेलिग्रामच्या चॅनलवर तक्रार कुणाकडे करणार?

खात्याचं काय होतं? मार्च 2018 मध्ये स्पॉटिफायने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाला कळवलं, की 2017 अखेर सुमारे 20 लाख लोक पैसे न भरता जाहिराती अडवून ऐकत होते. त्याच महिन्यात अशा लोकांना मेल गेले. मॉड बंद केलंय, ते काढून अधिकृत ॲप टाका, खातं सुरक्षित आहे, पण पुन्हापुन्हा आढळलं तर खातं स्थगित किंवा कायमचं बंद होऊ शकतं, असा त्यांचा आशय होता. म्हणजे पहिल्याच दिवशी खातं जातं असं नाही. पण गेलं तर वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट त्याच्यासोबत जातात. मार्च 2025 मध्ये कंपनीने पुन्हा बडगा उगारला आणि अनेक मॉड चालेनाशी झाली. तेव्हा लोक घाईघाईने "नवीन चालू मॉड" शोधू लागले. खोटी फाइल गळ्यात पडायला याहून सोयीची वेळ नसते.

पैशांच्या बाजूला नोव्हेंबर 2025 पासून भारतात स्पॉटिफायची लाइट योजना 139 रुपयांना आणि स्टँडर्ड योजना 199 रुपयांना महिना आहे. लाइटमध्ये जाहिराती नाहीत, पण डाउनलोडही नाही. म्हणजे मॉड जेवढं देतं, साधारण तेवढंच लाइट देतं. ऑफलाइन ऐकायचं असेल तर स्टँडर्डच घ्यावं लागेल. माझं मत विचाराल तर रोज तासभरही ऐकत नसाल तर फुकटचं अधिकृत ॲप पुरे. प्रवासात ऐकणाऱ्याने स्टँडर्डचे पैसे भरावेत. ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेचे ओटीपी येतात त्यावर मॉड ठेवू नये, आणि आज आपल्यापैकी कुणाचा फोन तसा नाही?

आपल्या फोनवर नक्की काय आहे ते बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या माहितीच्या पानावर अगदी खाली जा. बहुतेक फोनवर तिथे `App installed from Google Play Store` असं लिहिलेलं असतं. भाच्याच्या फोनवर तिथे प्ले स्टोअरचं नाव नव्हतं. त्याच पानावर डेटाचा वापरही पाहिला. गाणी न लावताही बॅकग्राउंडला डेटा जातच होता. एवढ्यावरून व्हायरस आहे असं सिद्ध होत नाही, पण ॲप काढून टाकायला मला तेवढं पुरलं.

काढल्यावरही काम संपत नाही. मॉडमध्ये टाइप केलेला पासवर्ड गेलाच असं धरून आम्ही दुसऱ्या स्वच्छ फोनवरून स्पॉटिफायचं खातं उघडलं, पासवर्ड बदलला आणि `Sign out everywhere` दाबलं. तोच पासवर्ड त्याने जीमेललाही ठेवला होता, तोही बदलला. मग त्याच्या फोनवर ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन वाचणं आणि एसएमएस या तीन परवानग्या कुणाकुणाकडे आहेत ते एकेक करून पाहिलं. खात्यातून पैसे गेलेले दिसले असते तर तिथूनच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावणार होतो.