स्टिकरवर 2000 वॅट, मीटरवर 1200

मागच्या डिसेंबरात आईसाठी बर्डीवरून रूम हीटर आणला. दोन कॉईलचा, फॅन नसलेला. मागच्या स्टिकरवर लो 500, मीडियम 1000, हाय 2000 वॅट. 1800 रुपये मोजले. दुकानदार म्हणे, "घ्या न भाऊ बिनधास्त, खोलीची भट्टी होते."

तिसऱ्या रात्री हायवर ठेवूनही आई दोन चादरी गुंडाळून बसलेली. "याच्यापेक्षा आपली शेगडी बरी होती रे," म्हणाली.

मग घरातलं सगळं बंद करून विजेच्या मीटरपाशी उभा राहिलो. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलेलं आहे, म्हणजे एका युनिटला लाल दिवा 3200 वेळा लुकलुकतो. 2000 वॅटला मिनिटाला 107 च्या आसपास लुकलुक व्हायला हवी. हायवर मोजली, 64. मीडियमवर 32, लोवर 16. म्हणजे 1200, 600 आणि 300 वॅट.

गंमत म्हणजे बटणाची जोडणी चोख होती. मीडियमवर एकच कॉईल चालते. हायवर दोन्ही पॅरलल, दोघींना पूर्ण 230 व्होल्ट, म्हणून दुप्पट. लोवर दोन्ही सिरीजमध्ये. लोवर एकच कॉईल चालते असं मलाही वाटायचं, पण दोन्ही मंद तापतात. प्रत्येकीला निम्मे व्होल्ट मिळाले की तिची पॉवर पाव होते. 600 ची 150, दोघींची मिळून 300. एकास दोन, दोनास चार हा हिशेब बरोबरच बसत होता. खोट कॉईलमध्ये होती.

सकाळी प्लग काढून, हीटर थंड असताना, पिनांवर मल्टीमीटर लावला. मीडियमवर 88 ओहम. 230 चा वर्ग 52,900, त्याला 88 ने भागलं की 601 वॅट. 1000 ची कॉईल असती तर 53 ओहम दिसायला हवे होते. बारीक तार घातली की रोध वाढतो, तांबूस तर तीही होते, ग्राहकाला काय कळणार!

दुकानात गेलो तर, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी असंल." व्होल्टेज 210 वर उतरलं तरी 2000 चे साधारण 1670 होतील, 1200 नाही. आणि ओहमचा व्होल्टेजशी काय संबंध? हे सांगितल्यावर त्यानं बिल मागितलं. बिलावर "हीटर 1 नग" एवढंच. वॅटचा उल्लेखच नाही, म्हणून परत घेणार नाही म्हणाला.

घेताना बिलावर वॅट लिहून घ्या. जमलं तर मल्टीमीटर सोबत न्या आणि बटण फिरवत पिनांवर मोजा: 2000 वाल्याला लोवर 106, मीडियमवर 53, हायवर 26 च्या आसपास ओहम दिसतात. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं. माझ्या हीटरला 176, 88, 44 होते.