स्क्रीनवर ४८ मिनिटं, प्रत्यक्षात ७८: फ्रंट लोड घ्यावं की टॉप लोड?

इंदूरमधल्या तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला सात किलोचं मशीन घ्यायचं आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते गच्चीवरच्या टंकीत चढवलं जातं आणि मशीनला टंकीतूनच मिळतं. सकाळी साडेआठला घराबाहेर पडायचं असल्यामुळे त्यांचा खरा प्रश्न असा की स्क्रीनवर जो वेळ दिसतो, त्यात मशीन थांबणार का? दोन्ही प्रकारांत उत्तर ‘नाही’च आहे. मात्र दोन्ही उशीर करतात ते वेगवेगळ्या कारणांनी, आणि निवड त्यावरूनच करता येते.

आधी वजन ओळखण्याबद्दल. मशीनच्या पोटात तराजू असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक घरगुती मशीनमध्ये तसं काही नसतं. टॉप लोडमध्ये पाणी येण्याआधी तळाची चकती, म्हणजे पल्सेटर, काही वेळा इकडे-तिकडे फिरते. फ्रंट लोडमध्ये ड्रम कोरडाच फिरतो. मोटरला किती जोर लागला यावरून भाराचा अंदाज घेतला जातो. फ्रंट लोड पुढे पाणी भरताना कपडे किती पाणी शोषतात तेही पाहतं. सुरुवातीला दिसणारा आकडा हा कंपनीने गृहीत धरलेल्या भाराचा आणि गृहीत धरलेल्या नळाचा असतो. भार कळला की तो एकदा बदलतो. पण तुमच्या नळाला दाब किती, हे मशीनला पाणी भरायला लागल्यावरच कळतं.

इथे आपल्याकडची एक सवय आडवी येते. बादलीत भिजवलेले कपडे न पिळता मशीनमध्ये टाकले, तर मशीनला ते जड भासतात. मग तीन किलोच्या कपड्यांना पाच-सहा किलोंचं पाणी आणि तेवढाच वेळ मिळतो. कॉलर हातानं घासायची असेल तर तेवढीच घासा. सगळा ढीग भिजवायचा असेल, तर टॉप लोडवर पाण्याची पातळी स्वतः ठरवून टाका.

आता मुख्य फरक, पाणी भरण्याचा. टॉप लोड कपडे बुडवून धुतं. मध्यम भाराला एका वेळी ४५ लिटर धरा. एकदा धुणं आणि दोनदा खंगाळणं, म्हणजे ते तीनदा भरावं लागतं. नळाला मिनिटाला ९ लिटर पाणी असेल, तर एक भरणी ५ मिनिटांत होते. तेच ३ लिटर असेल तर १५ मिनिटं लागतात. दर भरणीला १० मिनिटं जादा, तिन्ही मिळून ३०. स्क्रीनवरची ४८ मिनिटं अशी ७८ होतात. काही मॉडेलांत पाणी भरताना आकडा एका जागी थांबून राहतो आणि मशीन अडकलं असं वाटतं. ते अडकलेलं नसतं, पाण्याची वाट पाहत असतं.

फ्रंट लोडला त्याच कपड्यांना सगळ्या भरण्या मिळून साधारण ५० लिटर लागतं. मिनिटाला ९ लिटरवर साडेपाच मिनिटं, ३ लिटरवर सुमारे १७. म्हणजे नळ तोच असूनही उशीर ११-१२ मिनिटांचा.

दाब कळायला उपकरण लागत नाही. ज्या नळाला मशीन जोडायचं त्याखाली १० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. सव्वा मिनिटात भरली तर काळजी नको. तीन मिनिटांहून जास्त लागली, तर टॉप लोडच्या वेळेवर विसंबू नका. टंकीच्या दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो आणि बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार हवा असतो. म्हणजे टंकीतलं पाणी मशीनच्या जोडणीपासून तीन मीटर वर हवं. तळमजल्यावर ते सहज जमतं. टंकीच्या लगेच खालच्या मजल्यावर मात्र टंकी मीटरभर उंच चौथऱ्यावर असेल तरच जेमतेम जमतं. ठरलेल्या वेळात पाणी भरलं नाही, तर काही मशीन `IE` दाखवून थांबतात. कमी दाबावर चालणाऱ्या व्हॉल्व्हची मॉडेलंही मिळतात, पण तो व्हॉल्व्ह पाणी आत घेतो, दाब वाढवत नाही. भरायला वेळ लागायचा तो लागतोच. दाब वाढवायचा तर टंकीच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल. आधीपासून चांगलं असलेलं मशीन एकाएकी हळू भरायला लागलं, तर पाइप काढून मशीनच्या तोंडाशी असलेली जाळी बघा. बोरिंगच्या पाण्याची रेती तिथेच अडकते.

इथवर फ्रंट लोड सरस वाटेल. पण त्याचा उशीर हीटर आणि तोल या दोन गोष्टींत आहे. १५ लिटर पाणी २ किलोवॉटच्या हीटरवर दर १० अंशांना पाचेक मिनिटं घेतं. जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टंकीतलं पाणी १५ अंशांवर असेल, तर ४० अंशांच्या प्रोग्रामला १३ मिनिटं फक्त तापवायला जातात. मे महिन्यात दुपारी काळ्या टंकीतलं पाणी आधीच तापलेलं असतं, तेव्हा हाच वेळ जवळजवळ वाचतो. रोजच्या कपड्यांना ‘कोल्ड’ निवडलं तर हा भाग निघूनच जातो.

तोलाचं मात्र निवडून जात नाही. एकटी चादर किंवा एकच जाड टॉवेल टाकला की तो ओला होऊन ड्रमच्या एका बाजूला गोळा होतो. पिळण्याआधी मशीन ड्रम हळू उलटसुलट फिरवून कपडे पसरवू पाहतं, जमलं नाही तर पुन्हा. स्क्रीनवर ९ मिनिटं तशीच राहतात आणि खरी वीस जातात. टॉप लोडलाही हा त्रास आहे, आणि तिथे काही मॉडेल पुन्हा पाणी भरून कपडे सोडवतात, म्हणजे कमी दाबाच्या घरी आणखी पंधरा मिनिटं. `UE` दिसलं तर चादर हातानं मोकळी करा किंवा तिच्यासोबत दोन-तीन शर्ट टाका. एकटी चादर धुणं दोन्हींत वाईट.

फ्रंट लोडमध्ये हातधुण्याची पावडर मापानं नव्हे, मुठीनं पडते आणि फेस राहतो. फेस दिसला की मशीन खंगाळण्याची एक फेरी स्वतः वाढवतं. लेबलवर फ्रंट लोड लिहिलेली पावडर घ्या.

वरच्या कुटुंबाच्या बादलीला तीन मिनिटं वीस सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला ३ लिटर. पंप बसवायचा नसेल, तर त्यांनी फ्रंट लोड घ्यावं आणि कोल्डवर लावावं. स्क्रीनवरच्या वेळेत वीस मिनिटं मिळवून अलार्म लावला की पुरतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांची बादली सव्वा मिनिटात भरत असेल, तर त्यांना टॉप लोड सोयीचं. त्याची एकूण वेळ तशीही कमी असते आणि मध्येच राहिलेला मोजा झाकण उघडून टाकता येतो.

दोघांनीही ‘अमुक वाजता संपव’ हे बटण जपून वापरावं. मशीन सुरुवातीच्या त्याच अंदाजावरून उलटी मोजणी करतं. सातला संपायला लावलेलं धुणं वरच्या मजल्यावरच्या टॉप लोडमध्ये साडेसातला हाती येईल.