अपेंडिक्स की मुतखडा? उजवीकडच्या पोटदुखीतला फरक

एकोणीस वर्षांचा मुलगा. संध्याकाळी बेंबीभोवती दुखू लागलं, जेवण नको झालं, रात्री एक उलटी झाली. सकाळी दुखणं उजवीकडे खाली सरकलं, अंग कोमट. हा क्रम अपेंडिक्सचा. सुरुवातीला फक्त अपेंडिक्स सुजलेलं असतं आणि त्याच्या नसांचा निरोप मेंदूला बेंबीपाशी जाणवतो. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की नेमकी जागा कळते.

मुतखड्याचं दुखणं बहुधा कमरेच्या मागून, बरगडीखालून अचानक उठतं आणि जांघेकडे उतरतं. कळा येतात, ओसरतात, पुन्हा येतात.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती रुग्णाची हालचाल. मुतखडावाला तळमळतो, एका जागी ठरत नाही. अपेंडिक्सवाला पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो. खोकला आला किंवा गाडी स्पीडब्रेकरवरून गेली तरी कळवळतो.

लघवीत रक्तपेशी दिसल्या की मुतखडा, असं मात्र धरू नका. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनलिकेला टेकलेलं असेल तर थोड्या पेशी तिथेही दिसतात. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नाही तर शंका फिटत नाही; मग सीटी स्कॅन लागू शकतो. बाईच्या बाबतीत गर्भधारणेची तपासणी आधी, कारण गर्भनलिकेत रुजलेला गर्भही इथेच दुखतो.

मुतखडा मूत्राशयात उतरला की दुखणं थांबतं. अपेंडिक्स फुटल्यावरही काही वेळ बरं वाटतं, मग पोट कडक होतं आणि ताप चढतो. म्हणून दुखणं थांबलं तरी त्याच दिवशी सर्जनला दाखवा.