पुराव्याची क्लिप: जशीच्या तशी कापावी की ॲपमध्ये संपादित करावी?

द्वारका चौकात सिग्नल तोडणाऱ्या गाडीच्या तक्रारीसाठी डॅशकॅमची क्लिप ffmpeg या संगणकावरील व्हिडिओ-साधनात `-c copy` वापरून कापली, तर चित्र पुन्हा एन्कोड होत नाही आणि नंबरप्लेट व कोपऱ्यातील तारीख-वेळ मूळइतकीच स्पष्ट राहते; मात्र काप कीफ्रेमवर, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवर, बसत असल्याने सुरुवात किंचित आधी होते, जे पुराव्यात सोयीचेच ठरते. मोबाइल ॲप नेमक्या क्षणी कापते, गाडीभोवती वर्तुळही काढू देते, पण नव्याने एन्कोड करताना बारीक अक्षरे पुसट होऊ शकतात. म्हणून मी पहिलाच मार्ग सुचवेन.

फाइलमधील निर्मितीची वेळ दोन्हींत बदलू शकते. त्यामुळे कॅमेरा जुने चित्रण पुसण्याआधी मूळ फाइल वेगळी ठेवून तिचा SHA-256 हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा डिजिटल ठसा, नोंदवावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हॅश मागितला जातो.