एक तुकडा की दोन? आठ हजारी शिखरासाठी डाऊन सूट निवडताना

एव्हरेस्ट, मनासलू किंवा कांचनजंगासाठी कपड्यांची यादी करताना बाकीची खरेदी पटकन उरकते. घोडं अडतं ते डाऊन सूटपाशी, म्हणजे मऊ पिसं भरलेल्या सूटपाशी. डोक्यापासून घोट्यापर्यंतचा अखंड सूट घ्यायचा, की डाऊन जॅकेट आणि खांद्यावरून पट्टे येणारी डाऊन बिब पँट अशी जोडी? किंमत दोन्हीकडे साधारण सारखीच पडते आणि जोडीचं वजन काहीशे ग्रॅमच जास्त भरतं. म्हणून निर्णय या दोन्हींवर न घेता ऊब, माप आणि घाम या तीन गोष्टींवर घ्यावा.

आधी ऊब. ती पिसांची नसते, पिसांनी अडवून ठेवलेल्या हवेची असते. पिसं दाबली की हवा गेली आणि ऊबही गेली. अखंड सूटमध्ये कंबरेला फट नसते, त्यामुळे वारा आत शिरायला जागाच राहत नाही. जोडीत कंबर आणि पोटावर जॅकेट व बिब असे दोन थर येतात. जॅकेट नितंबांच्या खालपर्यंत लांब असेल तर तो भाग उलट जास्त उबदार राहतो. पण मग हार्नेस कुठे बांधायचा? जॅकेटच्या वर बांधला तर दोन्ही थर दाबले जातात आणि हार्नेस सोडल्याशिवाय जॅकेट काढता येत नाही. बिबवर बांधून वरून जॅकेट घातलं तर जुमारची, म्हणजे दोर धरून चढायच्या पकडीची, हार्नेसला बांधलेली दोरी जॅकेटखालून येते. प्रत्येक ओढीला जॅकेटचा घेर वर सरकतो आणि पाठीला वारा लागतो. यावर उपाय एकच: जॅकेटची चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी हवी. खालून वीतभर उघडली की दोरी मधूनच बाहेर काढता येते.

आता माप. बहुतेकांची चूक इथेच होते, कारण दुकानात सूट टी-शर्टवर घालून पाहिला जातो. अंगावर दोन सेंटिमीटर जाडीचा थर चढला की छातीचा घेर दोन सेंटिमीटरने वाढत नाही, जाडीच्या सव्वासहा पट वाढतो. एक उदाहरण घेऊ. छाती 96 सेंमी आहे. बेस लेअर, फ्लीस आणि पातळ सिंथेटिक जॅकेट मिळून सुमारे 2.2 सेंमी जाडी होते, म्हणजे घेर 14 सेंमीने वाढला. हात वर करता यावेत म्हणून आणखी 7 सेंमी धरले, की सूटच्या आतल्या कापडाचा घेर 117 सेंमी हवा. पिसांचा थर 5 सेंमी फुलायचा असेल तर बाहेरचं कापड आणखी 31 सेंमी मोठं, म्हणजे 148 सेंमी लागतं. तेच कापड 130 सेंमीच कापलेलं असेल, तर पिसांना उरते जेमतेम 2 सेंमी जागा. लेबलवर फिल पॉवर, म्हणजे पिसांच्या फुलण्याचा आकडा, 800 असो की 900, पिसं तेवढीच फुलणार.

म्हणून आतलं कापड बाहेरच्यापेक्षा लहान कापलेलं आहे का, हे तपासून घ्यावं. आत हात घालून मूठ बाहेरच्या दिशेने हलकेच रेटा. चांगल्या सूटमध्ये आतलं कापड लवकर ताणतं आणि बाहेरचा फुगा तसाच राहतो. मूठ थेट बाहेरच्या कापडाला जाऊन भिडत असेल, तर गुडघे, कोपरं आणि खांदे वाकवताना तिथली ऊब नाहीशी होणार. शिवणही पाहा. बाहेरची शिवण थेट आतपर्यंत आरपार गेली असेल तर त्या रेषेवर पिसंच नसतात. दोन कापडांमध्ये उभ्या पट्ट्या शिवून केलेले कप्पे हवेत.

मापाच्या बाबतीत अखंड सूट जास्त छळतो, कारण त्यात धडाची लांबी चुकली की सगळंच चुकतं. लहान पडला तर हात वर नेताच खांदे आणि जांघ दोन्हीकडून ओढ बसते. मोठा झाला तर जांघेची शिवण खाली लोंबते, पाऊल उंच उचलत नाही आणि बुटाखालच्या क्रॅम्पॉनची टोकं दुसऱ्या पायाच्या कापडात अडकतात. युरोपियन उंचीच्या साच्यावर कापलेल्या सूटमध्ये आपल्याकडच्या कित्येकांना हाच त्रास होतो. सगळे थर, बूट आणि हार्नेस चढवून तीन हालचाली करा: दोन्ही हात सरळ वर, पूर्ण उकिडवं, आणि एक गुडघा छातीपाशी. तिन्हींत कुठेही ओढ बसता कामा नये. जोडीत जॅकेट आणि बिबचे साइझ वेगवेगळे घेता येतात, पट्टेही कमी-जास्त करता येतात, त्यामुळे हा प्रश्न बराच हलका होतो.

तिसरा मुद्दा घामाचा, आणि जोडीची खरी बाजू इथे आहे. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या वेस्टर्न कूम या हिमदरीत ऊन बर्फावरून परततं आणि वारा नसेल तर दुपारी अक्षरशः उकडतं. ल्होत्सेच्या भिंतीवर उन्हात चढतानाही तीच गत. जोडीत जॅकेट काढून पिशवीत टाकता येतं. अखंड सूटमध्ये फार तर वरचा अर्धा भाग उतरवून बाह्या कंबरेला बांधायच्या. मग ते बोचकं हार्नेसवर लोंबतं आणि क्लिप शोधताना आडवं येतं.

तो घाम जातो कुठे? 30 अंशांची दमट हवा दर घनमीटरला सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरते, उणे 20 ला जेमतेम 1 ग्रॅम. म्हणजे अंगातून निघालेली वाफ पिसांच्या बाहेरच्या थरापाशी पोचली की तिथेच गोठते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण साउथ कोल या खिंडीत, 7,900 मीटरच्या आसपास, सूट वाळवायला जागा नसते. दर मुक्कामाला ओल साठत जाते आणि पिसांच्या गुठळ्या होतात. तंबूत सूटचा कप्पा चिमटीत धरून पाहा. मऊ फुग्याऐवजी खडे लागले किंवा सोडल्यावर तो परत फुगला नाही, तर तिथे ओल आहे. पाणी न शोषणारी पिसं यात थोडा वेळ काढून देतात, इतकंच. पूर्ण वॉटरप्रूफ बाहेरचं कापड आठ हजारांवर उलट नको. तिथला बर्फ कोरडा असतो आणि ते कापड आतली वाफ आणखीच अडवतं. घट्ट विणीचं, वारा अडवणारं नायलॉन पुरतं.

ऑक्सिजन मास्कमधून ठिबकणारं पाणी दोन्ही प्रकारांत छातीच्या चेनवर गोठतं. चेन जाड दातांची हवी, आणि मिटन घातलेल्या हातानेही ओढता येईल अशी लांब दोरी तिला बांधलेली हवी.

शौचाचा मुद्दा लोक लाजून टाळतात, पण उघड्या कातडीला तिथे काही मिनिटांतच हिमदंश होऊ शकतो. अखंड सूटची मागची चेन तेव्हाच उपयोगी, जेव्हा आतल्या थरांनाही त्याच जागी उघडझाप असते. नसेल तर सगळंच उतरवावं लागतं. बिबला दोन्ही बाजूंना चेन असेल तर मागचा भाग खाली पडतो आणि जॅकेट अंगावरच राहतं.

ऑक्सिजन आणि शेर्पांच्या साथीने एकच आठ हजारी शिखर करायचं असेल, शिखराच्या रात्रीची थंडी हीच मुख्य काळजी असेल आणि माप नेमकं बसत असेल, तर अखंड सूट घ्यावा. ऑक्सिजनशिवाय जाणाऱ्यालाही तोच, कारण हवा विरळ झाली की शरीर स्वतःची उष्णता कमी तयार करतं आणि एकही फट परवडत नाही. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत सतोपंथ किंवा नून यांसारखी सात हजारी शिखरंही डोक्यात असतील, घाम फार येत असेल, किंवा धड आणि पाय यांची मापं साच्यात बसत नसतील, तर जोडीच घ्यावी. खालच्या शिखरांवर नुसतं जॅकेटही कामी येतं.

अखंड सूट पसंत पडला पण धड चार बोटं लांब आहे, म्हणून गल्लीतल्या टेलरकडून आखूड करून घेऊ, असं मात्र मनात आणू नका. सुईच्या प्रत्येक भोकातून पिसं गळतात आणि उसवलेला कप्पा पूर्वीसारखा भरता येत नाही. लांबी ऑर्डर देतानाच सांगावी. त्यासाठी सगळे थर चढवून एका खांद्यावरून जांघेतून परत त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवायचा, आणि तो आकडा उकिडवं बसलेला असताना घ्यायचा.