‘मोजणी करण्याची कार्यवाही’ की ‘भूकरमापक मोजणी करतील’?

बांधाच्या वादात आमच्या गावातल्या एका काकांना उत्तर आलं: ‘आपल्या गटाची मोजणी करण्याची कार्यवाही करण्यात येईल.’ काका म्हणाले, “पण येईन कोन, अन् कधी?”

हेच असंही लिहिता आलं असतं: ‘भूकरमापक सोमवारी येऊन मोजणी करतील.’

दोन्हींत ‘मोजणी’ आहे, आणि ती हवीच. ‘मोजणे’ म्हणजे दोरी टाकून घरच्यांनी मोजलं तरी मोजणंच. ‘मोजणी’ म्हटलं की अर्ज, फी, लगतच्या खातेदारांना नोटीस, हद्दीच्या खुणा आणि नकाशा हे सगळं एका शब्दात येतं. इथे नाम नेमकं आहे.

‘कार्यवाही’चं तसं नाही. ‘मोजणी’ खोडली तर वाक्य पांगळं होतं. ‘करण्याची कार्यवाही’ खोडली तर काहीच बिघडत नाही. उलट ‘करण्यात येईल’मध्ये कर्ता गळला, आणि तारीख टाकायची आठवणही राहिली नाही.

कर्ता गळण्याचा घोळ नामानेही होतो: ‘तलाठ्याची तक्रार’ म्हणजे तलाठ्याने केलेली की तलाठ्याविरुद्धची? अर्जात ‘तलाठ्यांनी तक्रार केली’ असं क्रियापद लिहिलं की प्रश्नच उरत नाही.