डिस्चार्ज अर्ज, कलमावर युक्तिवाद की थेट उच्च न्यायालय? सत्र खटल्यात आरोप ठेवण्याआधी काय निवडावं

पोलीस न्यायालयात दाखल करतात ते दोषारोपपत्र आणि न्यायाधीश आरोपीला वाचून दाखवतात तो आरोप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे तपासाचा निष्कर्ष. दुसरी न्यायालयाची, आणि खटला तिच्यावर चालतो. या दोन टप्प्यांच्या मधल्या काही आठवड्यांत आरोपीच्या बाजूने एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो बरेचदा घाईत किंवा सवयीने घेतला जातो. पुढे त्यातल्या पर्यायांची तुलना केली आहे: खटला चालण्याआधीच आरोपीला मोकळं करण्याचा, म्हणजे डिस्चार्जचा अर्ज करायचा, कलम कमी करून घ्यायचं, की आरोप ठेवू द्यायचा. कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची (पुढे नुसतं 'संहिता') आहेत. ज्या प्रकरणांचा तपास किंवा खटला १ जुलै २०२४ रोजी आधीच सुरू होता, ती जुन्या दंड प्रक्रिया संहितेनेच चालतात. तिथे हीच तरतूद कलम २२७ आणि २२८ मध्ये आहे.

चर्चेसाठी एक काल्पनिक प्रकरण घेऊ. शेताच्या बांधावरून मारामारी झाली. फिर्यादीच्या खांद्यावर कोयत्याची चार सेंटीमीटर जखम आहे, डॉक्टरांनी ती 'साधी' म्हटली आहे. काठीच्या फटक्याने हाताचं हाड मोडलं आहे, ती दुखापत 'गंभीर'. भारतीय न्याय संहितेची कलमं लागली आहेत: १०९ (खुनाचा प्रयत्न), ११८(२) आणि सामाईक इराद्यासाठी ३(५). आरोपी चार. पहिल्याच्या हातात कोयता होता, दुसऱ्याच्या हातात काठी. तिसरा हजर होता, शिवीगाळ करत होता. चौथ्याचं नाव फिर्यादीत नाही. दुसऱ्या आरोपीने कोठडीत पोलिसांना सांगितलं म्हणून ते आलं, आणि जोडीला घटनेच्या संध्याकाळी पहिल्या आरोपीशी झालेल्या फोनचा सीडीआर, म्हणजे फोन कंपनीकडची कॉलची नोंद आहे. चौघांसाठी उत्तर एकच नाही. तरीही चौघांच्या वतीने एकच सामाईक अर्ज टाकला जातो आणि चौथ्याचा चांगला मुद्दा पहिल्याच्या कमकुवत मुद्द्याबरोबर फेटाळला जातो.

आधी संच पुरा आहे का ते पाहा

डिस्चार्जच्या टप्प्यावर न्यायालय पाहतं ते दोषारोपपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रं. म्हणून नकला अपुऱ्या असताना युक्तिवाद करणं म्हणजे अर्धी फाईल वाचून बोलणं. संहितेच्या कलम २३० नुसार आरोपी हजर झाल्यापासून किंवा त्याला हजर केल्यापासून १४ दिवसांत नकला मिळायला हव्यात. फिर्याद, कलम १८० खालचे जबाब, कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झालेले जबाब, घटनास्थळ आणि जप्तीचे पंचनामे, जखमेचं प्रमाणपत्र, आणि हे हत्यार ही जखम करू शकतं का यावरचा डॉक्टरांचा अभिप्राय, हे सगळं क्रमाने लावून पाहावं. सीसीटीव्हीचं चित्रीकरण असेल तर त्याची प्रत मागावी. मेमरी कार्डमधला मजकूर हा 'दस्तऐवज' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पी. गोपालकृष्णन प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे प्रतीऐवजी फक्त पाहणीची परवानगी मिळू शकते. सरकार पक्ष ज्यांवर विसंबत नाही अशा जप्त कागदांची यादीही मागता येते, आणि ती मागावीच.

पुरवणी जबाब वेगळे काढून ठेवा. आपल्या प्रकरणात तिसऱ्या आरोपीबद्दल मूळ फिर्यादीत फक्त 'शिवीगाळ' आहे, आणि बारा दिवसांनंतरच्या पुरवणी जबाबात 'सोडू नका याला, असे ओरडला' हे वाक्य आलं आहे. याचं काय करायचं ते पुढे येईल.

पर्याय पहिला: डिस्चार्ज अर्ज

कलम २५० नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांनी प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवल्याच्या, म्हणजे कमिट झाल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत हा अर्ज करायचा असतो. ही मुदत जुन्या संहितेत नव्हती, त्यामुळे 'आरोपाच्या तारखेला बघू' ही जुनी सवय आता महाग पडू शकते. नकलांसाठी भांडण्यातच हे दिवस संपत असतील तर नकलांचा अर्ज आणि डिस्चार्ज अर्ज दोन्ही मुदतीत द्यावेत आणि तसं रोजनाम्यावर येऊ द्यावं.

कसोटी काय? 'पुढे जाण्यास पुरेसा आधार नाही' असं न्यायाधीशांना वाटलं तर कारणं लिहून आरोपीला मोकळं करायचं. १९७९ च्या प्रफुल्लकुमार सामल निकालापासून सूत्र असं आहे की न्यायाधीश पोस्टमन नाहीत. मर्यादित हेतूसाठी ते पुरावा चाळू शकतात, पण साक्षीदार खरं बोलतो की खोटं हे ठरवू शकत नाहीत. महाराष्ट्रातल्याच दिलावर बाळू कुराणे प्रकरणात (२००२) हेच लागू झालं: दोन्ही शक्यता सारख्याच दिसत असतील आणि संशय असला तरी तो गंभीर नसेल, तर आरोपीला सोडता येतं.

आता चौथा आरोपी घ्या. त्याच्याविरुद्धचा मुख्य दुवा म्हणजे सहआरोपीने पोलिसांना दिलेली कबुली. ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मुळे पुरावा म्हणून चालत नाही, आणि तिच्या आधारे चौथ्याकडून काही जप्तही झालेलं नाही. राहिला सीडीआर. दोघे चुलत भाऊ, त्याच गावचे, मागच्या महिनाभरातही रोज बोललेले. दोघांचे फोन एकाच टॉवरवर दिसतात, कारण गावाला टॉवरच एक आहे. या कागदांतल्या प्रत्येक ओळीवर सरकार पक्षाने विश्वास ठेवायला सांगितला आणि न्यायालयाने तो ठेवला, तरी गुन्हा जुळत नाही. डिस्चार्जचा चांगला मुद्दा ओळखण्याची हीच खूण: पुरावा खोटा आहे असं म्हणावं न लागता तो अपुरा दिसला पाहिजे.

याच आरोपीच्या अर्जात एक चूक वारंवार दिसते. 'सीडीआरला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलेलं नाही' हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घातला जातो. जुन्या साक्ष कायद्यातल्या ६५-ब बद्दल हिरेमठ प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे प्रमाणपत्र नंतरही आणता येतं, त्याच्या अभावी या टप्प्यावर सोडता येत नाही. असा मुद्दा पुढे ठेवला की खरा मुद्दा मागे पडतो.

दुसरी चूक बचावाचे कागद जोडण्याची. घटनेच्या वेळी आपण दुसऱ्या शहरात होतो हे दाखवणारी पावती, तिकीट, दुकानातला कॅमेरा यांतलं काही इथे वाचलं जात नाही. देवेंद्रनाथ पाढी निकालाने (२००४) ते दार बंद केलं. अपवाद अरुंद आहे: तपासी अंमलदाराने स्वतः गोळा करून दडवलेला, निर्विवाद दर्जाचा कागद असेल तर न्यायालय तो मागवू शकतं.

पर्याय दुसरा: सोडा म्हणू नका, कलम उतरवा

हा पर्याय सर्वात कमी वापरला जातो, आणि अनेक प्रकरणांत तोच सर्वात फायद्याचा असतो. कलम २५१(१)(अ) सांगतं की गुन्हा दिसतो पण तो फक्त सत्र न्यायालयानेच चालवण्याजोगा नाही, असं मत झालं तर सत्र न्यायाधीश आरोप ठेवून प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात. आपल्या प्रकरणात १०९ गळलं तर ११८(२) हे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालणारं कलम उरतं. या कलमाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपेक्षा जास्त कैद देऊ शकत नाहीत आणि प्रथम वर्गाची मर्यादा तीन वर्षं आहे. एवढा फरक एका युक्तिवादाने पडू शकतो.

पण तो युक्तिवाद 'जखम साधी आहे' इतक्यावर उभा राहत नाही. १९८३ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध बलराम बामा पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खुनाच्या प्रयत्नासाठी जीवघेणी जखम झालीच पाहिजे असं नाही. कृत्य कोणत्या इराद्याने आणि परिस्थितीत झालं ते पाहायचं. तेव्हा पहिल्या आरोपीच्या वकिलाने कागदातलं दाखवायला हवं ते असं: वार एकच, खांद्यावर, फिर्यादी खाली पडल्यावर पुन्हा वार नाही, अडवायला कोणी आलं नसताना आरोपी स्वतः निघून गेला, आधी धमकी दिल्याचा एकही जबाब नाही. हे सगळं सरकारी साक्षीदारांच्याच जबाबांत असेल तर मुद्दा वजनदार होतो. वार डोक्यावर रोखला होता आणि फिर्यादीने मान वळवल्याने तो खांद्यावर बसला, असं एका जबाबात असेल तर १०९ बहुधा राहील, आणि तो वाद साक्षीपुराव्यानंतरसाठी ठेवलेला बरा.

पर्याय तिसरा: आरोप ठेवू द्या

तिसऱ्या आरोपीला आम्ही हा पर्याय सुचवू. मूळ फिर्याद आणि पुरवणी जबाब यांतली तफावत खरी आहे, पण कोणता जबाब खरा हे ठरवणं या टप्प्यावर न्यायालयाचं काम नाही. अर्ज फेटाळला जाईल, शिवाय तफावत नेमकी कुठे आहे ते सरकार पक्षाला आणि त्यांच्यामार्फत साक्षीदाराला आधीच कळेल. तीच तफावत उलटतपासात फिर्यादीसमोर पहिल्यांदा आली तर तिची किंमत वेगळी. आरोपी कोठडीत असेल तर आणखी एक हिशेब आहे: अर्ज, सरकार पक्षाचं म्हणणं, युक्तिवाद, आदेश यांत काही महिने गेले तर तेवढे महिने साक्षीदार पिंजऱ्यात येत नाही.

डिस्चार्ज आणि निर्दोष सुटका यांचं वजनही सारखं नाही. साक्षीपुराव्यानंतर निर्दोष ठरलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. डिस्चार्जला हे संरक्षण नाही. संहितेच्या कलम ३३७ चं स्पष्टीकरणच सांगतं की ती निर्दोष सुटका नव्हे. नवा पुरावा सापडला तर कारवाई परत सुरू होऊ शकते.

उलट बाजूही लक्षात ठेवा. एकदा आरोप ठेवला की त्याच न्यायालयाकडून डिस्चार्ज मिळत नाही. रतिलाल भानजी मिठाणी विरुद्ध महाराष्ट्र शासन (१९७९) पासून हे पक्कं आहे: त्यानंतर निकाल एक तर दोषी, नाही तर निर्दोष. आरोपात बदल करण्याचं कलम (आता २३९) वापरून मागच्या दाराने डिस्चार्ज मागण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये के. रवी प्रकरणात नाकारला.

उच्च न्यायालय कधी

डिस्चार्ज नाकारल्याच्या किंवा आरोप ठेवल्याच्या आदेशाविरुद्ध कलम ४३८ खाली पुनरीक्षण चालतं. उच्च न्यायालयात त्याची मुदत ९० दिवसांची. कलम ५२८ खालचा रद्दबातल अर्ज वेगळा. तिथे बचावाचा निर्विवाद, सरकार पक्षालाही नाकारता न येणारा कागद पाहिला जाऊ शकतो, म्हणून पाढी निकालाने अडलेला आरोपी तिथे जातो. पण दुकानाची पावती त्या दर्जाची नसते. आणि नुसती याचिका दाखल झाल्याने किंवा नोटीस निघाल्याने खालचा खटला थांबत नाही, त्यासाठी वेगळी स्थगिती मागावी लागते. चौथ्या आरोपीने आधी सत्र न्यायालयातच अर्ज करावा. आदेश विरुद्ध गेला तर पुनरीक्षणात दाखवायला कारणं तरी हातात असतात. अर्थात आरोप ठेवताना सविस्तर कारणं लिहिण्याचं बंधन न्यायाधीशांवर नाही; ते डिस्चार्ज देताना आहे. म्हणून लेखी अर्ज करून त्यावर स्वतंत्र आदेश मागणं हे तोंडी विरोधापेक्षा नेहमी चांगलं.

कोणताही पर्याय निवडला तरी आरोपाचा मसुदा वाचल्याशिवाय 'गुन्हा नाकबूल' म्हणून सही करू नये. मसुदा बहुतेकदा सरकार पक्षाकडून येतो. तारीख, वेळ, जागा, जखमीचं नाव, आणि ३(५) कोणत्या आरोपींना जोडलं आहे एवढं तपासायला दहा मिनिटं लागतात. चूक राहिली तर नंतर ती दाखवून शिक्षा उलटत नाही. त्या चुकीमुळे आरोपीची दिशाभूल होऊन न्याय डावलला गेला हे सिद्ध करावं लागतं, आणि 'तेव्हाच का हरकत घेतली नाही' हा प्रश्न समोर येतोच.